डॉपलरमध्ये ‘उलटा प्रवाह’ आला, म्हणजे पायात नेमकं काय चाललंय?

प्रश्न: डॉक्टरसाहेब, माझं किराणा दुकान आहे, वय 46. सकाळी आठपासून रात्री साडेनऊपर्यंत काउंटरमागे उभा असतो, दुपारचे दोन तास सोडले तर. उजव्या पोटरीवर शिरा दोरीसारख्या फुगल्यात, संध्याकाळी पाय शिसं भरल्यासारखा जड होतो. डॉपलर, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी केली. रिपोर्टमध्ये लिहिलंय: उजवा पाय, एसएफजे इन्कॉम्पिटंट, जीएसव्ही जांघेशी 8.1 मिमी, मांडीच्या मध्यावर 6.4 मिमी, रिफ्लक्स 3.2 सेकंद, गुडघ्याच्या खालपर्यंत. टाचेपासून 14 सेमीवर एक परफोरेटर 3.6 मिमी, इन्कॉम्पिटंट. डीप व्हेन्स नॉर्मल, डीव्हीटी नाही. डाव्या पायात रिफ्लक्स 0.3 सेकंद. सर्जन म्हणतात लेझर करा. उलटा प्रवाह म्हणजे रक्त खाली जातंय का? शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून? नुसते दाबाचे घट्ट मोजे घालून भागेल का? आणि दुकान कसं सांभाळू?

उत्तर:

हो, रक्त खालीच जातंय. पण दिवसभर सतत वाहत नाही. तुम्ही चालता तेव्हा पोटरीचे स्नायू दाबले जातात आणि शिरांमधलं रक्त वर ढकललं जातं. स्नायू सैल पडले की तेच रक्त परत खाली यायला बघतं. त्याला अडवायला शिरेच्या आत ठरावीक अंतरावर पातळ झडपा असतात, प्रत्येकीला दोन पाकळ्या. पाकळ्या मिटल्या की रक्त जिथल्या तिथे थांबतं. तुमच्या उजव्या पायात जांघेतली झडप नीट मिटत नाही, रिपोर्टमधलं ‘इन्कॉम्पिटंट’ म्हणजे हेच, आणि ‘रिफ्लक्स’ म्हणजे त्यातून होणारा उलटा प्रवाह. विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह गळका असला की मोटार बंद केल्यावर पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरतं, तसंच हे आहे.

आता रिपोर्ट वाचू. जीएसव्ही म्हणजे ग्रेट सॅफिनस व्हेन, घोट्याच्या आतल्या बाजूने निघून पोटरी आणि मांडीच्या आतून जांघेपर्यंत जाणारी, कातडीखालची सगळ्यात लांब शीर. जांघेत ती खोलवरच्या मोठ्या शिरेला मिळते, तो सांधा म्हणजे एसएफजे. या सांध्यावरच्या झडपेला इतकं महत्त्व का, तर तिथून वर हृदयापर्यंतच्या मोठ्या शिरांमध्ये झडपा जवळजवळ नसतातच. त्यामुळे ही एक झडप गळकी झाली की वरच्या रक्ताचं सगळं ओझं थेट जीएसव्हीवर येतं. मग ती शीर रुंदावते, रुंदावली की खालच्या झडपांच्या पाकळ्या एकमेकींपर्यंत पोचत नाहीत, आणि गळती एकेक झडप ओलांडत खाली सरकते. एरवी ही शीर मांडीत 3 ते 4 मिमीच्या आसपास असते. तुमची 6.4 आहे, म्हणजे हे काल-परवाचं नाही, काही वर्षांचं आहे.

तपासणी करताना काय झालं ते आठवा. तुम्हाला उभं केलं असेल, वजन डाव्या पायावर टाकायला सांगितलं असेल, उजवा गुडघा किंचित वाकवून सैल सोडायला लावला असेल. मग डॉक्टरांनी एका हाताने प्रोब जांघेत धरून दुसऱ्या हाताने पोटरी दाबली आणि एकदम सोडली. दाबताना मशीनमधून छोटा ‘हुप्’ असा आवाज येतो, ते वर जाणारं रक्त. सोडल्यावर निरोगी शिरेत शांतता असते. गळक्या शिरेत मात्र लगेच लांबलचक ‘हूऽऽश’ ऐकू येतं आणि पडद्यावरचा आलेख मधल्या रेषेच्या दुसऱ्या बाजूला जातो. तो तिकडे जितका वेळ राहिला, तो तुमचा 3.2 सेकंद. झडप चांगली असली तरी पाकळ्या मिटेपर्यंत थोडं रक्त निसटतंच, म्हणून वरवरच्या शिरांसाठी अर्ध्या सेकंदापर्यंतचा उलटा प्रवाह आम्ही सामान्य धरतो. डाव्या पायातले 0.3 सेकंद त्यात बसतात, म्हणजे डावीकडे गळती नाही.

पडद्यावरच्या लाल-निळ्या रंगाने बरेच जण घाबरतात. लाल म्हणजे शुद्ध आणि निळं म्हणजे अशुद्ध रक्त, असा त्याचा अर्थ नसतो. प्रवाह प्रोबच्या दिशेने येतोय की दूर जातोय, एवढंच तो रंग सांगतो. एक बटण दाबून आम्ही ते रंग उलटेही करू शकतो.

3.2 हा आकडा डोक्यात घेऊन बसू नका. शेजारच्या कुणाचा 5 सेकंद आला म्हणून त्याचा आजार तुमच्या दीडपट, असं गणित नसतं. शीर फार रुंद असली आणि गळती धो-धो असली, तर खालच्या शिरा झटकन भरतात आणि उलटा प्रवाह लवकर थांबतो. मग आकडा लहान येतो, पण पाय जास्त बिघडलेला असतो. अर्ध्या सेकंदाची रेघ ओलांडली की गळती आहे, एवढं सेकंदांवरून कळतं. त्यापुढे मी तीन गोष्टी बघतो: गळती कुठून सुरू होते, कुठपर्यंत जाते, आणि घोट्याजवळच्या कातडीचं काय झालंय. तुमच्या बाबतीत ती जांघेपासून सुरू होऊन गुडघ्याखालपर्यंत जाते. कातडीबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. आज रात्री मोजा काढून दोन्ही पायांचे घोटे आतल्या बाजूने शेजारी शेजारी ठेवून बघा. उजवीकडे तपकिरी डाग, खाज, कोरडे पापुद्रे, कातडी कडक किंवा खाली चिकटल्यासारखी, यातलं काही दिसलं तर ते सर्जनला आवर्जून दाखवा. त्याने घाई किती करायची ते बदलतं. नुसत्या फुगलेल्या शिरा आणि जडपणा असेल तर दोन-तीन महिने इकडे-तिकडे झाले तरी चालतं. डाग पडू लागले असतील तर पुढची पायरी जखमेची असू शकते, आणि अशी जखम भरायला महिनोन्महिने लागतात.

एक खात्री मात्र करून घ्या: तुमची तपासणी उभं राहूनच झाली होती ना? गर्दीच्या सेंटरमध्ये सगळं टेबलावर झोपवूनच उरकतात. झोपल्यावर रक्ताला खाली पडायला उंचीच उरत नाही, शिरा चपट्या होतात, आणि खरी गळतीही निसटू शकते. डीव्हीटी, म्हणजे खोल शिरेतली रक्ताची गाठ, शोधण्यासाठी त्या शिरा प्रोबने दाबून बघतात तो भाग झोपून केला तरी चालतो. चांगली शीर दाबली की पूर्ण चपटी होते, आत गाठ असेल तर होत नाही. पण उलटा प्रवाह मोजायचा तर उभंच राहिलं पाहिजे, किंवा टेबल तरी पायांकडे चांगलं तिरपं केलेलं पाहिजे. तुमची उजवी बाजू तर झोपून केली असती तरी खोटी ठरणार नाही, इतकी ठळक आहे. शंका फक्त डाव्या पायाच्या ‘नॉर्मल’बद्दल राहील.

आता तुमच्या काउंटरचं. माणूस स्थिर उभा असतो तेव्हा घोट्याजवळच्या शिरेत साधारण 80 ते 90 मिमी पाऱ्याइतका दाब असतो, कारण हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्ताचं सगळं वजन तिथे येतं. हे निरोगी माणसातही तेवढंच असतं. फरक पडतो चालायला लागल्यावर. निरोगी पायात दहा-बारा पावलांत पोटरीचा पंप तो दाब 30 च्या आसपास आणतो. गळक्या पायात पंप रक्त वर ढकलतो, पण तेच रक्त जीएसव्हीतून खाली येतं, आडव्या शिरांमधून आत खोल शिरेत शिरतं, पंप ते पुन्हा वर ढकलतो आणि ते पुन्हा खाली येतं. त्याच रक्ताची ही गोल फेरी जर्मन सर्जन ट्रेंडेलेनबुर्ग यांनी 1891 च्या सुमारास मांडली होती, डॉपलर नव्हता तेव्हा. त्यामुळे चालूनही तुमच्या घोट्यावरचा दाब हवा तेवढा उतरत नाही, आणि तुम्ही तर चालतही नाही, बारा तास उभे असता. संध्याकाळचा जडपणा येतो तो इथून.

म्हणून उभं राहण्यामुळेच झडप बिघडली, असं मात्र मी म्हणणार नाही. शिरेची भिंत मुळात सैल असणं हे बऱ्याचदा घराण्यातून येतं. आईवडिलांपैकी कुणाला असा त्रास होता का ते आठवून बघा. दिवसभर उभं राहिल्याने असलेली गळती वाढते आणि त्रास जास्त जाणवतो. दुकान विकून टाकलं तरी झडप परत जोडली जाणार नाही, तेव्हा तो विचार सोडा.

परफोरेटर म्हणजे वरवरची शीर आणि खोल शीर यांना जोडणारी आडवी शीर. त्यातलं रक्त बाहेरून आत जायला हवं, तुमच्या एका परफोरेटरमध्ये ते आतून बाहेर येतंय. 3.6 मिमी हे माप ‘मोठा’ म्हणण्याच्या सीमेवर आहे, साडेतीनच्या वर आम्ही नोंद करतो. पण त्यासाठी वेगळी शस्त्रक्रिया कुणी सुचवत असेल तर जरा थांबा. घोट्यावर जखम नाही, भरून आलेल्या जखमेचा व्रण नाही, तर त्याला आत्ता हात लावायचं कारण नसतं. जीएसव्हीतली फेरी थांबली की असे बरेच परफोरेटर आपोआप आकसतात.

शीर बंद केल्यावर रक्त जाणार कुठून, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. पायाचं सुमारे नव्वद टक्के रक्त स्नायूंच्या मधल्या खोल शिरांमधून वर जातं. तुमच्या रिपोर्टमधली सगळ्यात चांगली ओळ ‘डीप व्हेन्स नॉर्मल’ ही आहे, मोठा रस्ता मोकळा आहे. जीएसव्ही एरवीही थोडंच रक्त नेते, आणि तुमची जीएसव्ही तर रक्त उलटं आणते. ती बंद केल्याने वाहतूक अडत नाही, फेरी तुटते. खोल शिरा जुन्या गाठीने बंद असत्या, तर मात्र मी स्वतःच तुम्हाला लेझरच्या आधी दहादा विचार करायला सांगितलं असतं, कारण मग ही वरची शीरच रक्ताचा पर्यायी मार्ग असू शकते. कुणी सांगेल की हार्टच्या बायपासला हीच शीर लागते, ती जपून ठेवा. लागते हे खरं, पण इतकी फुगलेली आणि झडपा गेलेली शीर त्या कामाला फारशी उपयोगाची राहत नाही.

लेझरमध्ये गुडघ्याजवळ सुई टोचून शिरेत बारीक तार घालतात आणि सोनोग्राफीत बघत तिचं टोक जांघेतल्या सांध्याच्या सुमारे 2 सेमी खाली ठेवतात. मग शिरेभोवती मिठाचं पाणी आणि भूल देणारं औषध सोडतात, त्याने आजूबाजूची कातडी आणि नसा भाजण्यापासून वाचतात. तार मागे ओढत गेलं की उष्णतेने शीर आतून चिकटते. रेडिओफ्रीक्वेन्सीत हेच काम वेगळ्या उष्णतेने होतं, दोन्हींच्या निकालात मला फार फरक दिसत नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत अशा गळतीसाठी उष्णतेचा उपचार पहिला, औषधाचा फेस सोडणं दुसरं आणि शीर काढण्याची शस्त्रक्रिया तिसरी, असा क्रम दिला आहे. तेव्हा तुमच्या सर्जनचा सल्ला चाकोरीतला आहे. त्यांना एकच विचारा: गुडघ्याच्या किती खालपर्यंत शीर जाळणार? पोटरीच्या खालच्या भागात या शिरेला चिकटून संवेदना देणारी एक नस असते. तिथपर्यंत उष्णता नेली तर घोट्याच्या आतल्या बाजूला बधिरपणा येऊ शकतो. गुडघ्याखालच्या फुगीर फांद्या फेसाने किंवा बारीक छेदांतून काढतात.

बहुतेक जण त्याच दिवशी चालत घरी जातात. नंतर आठवडा-दोन आठवडे मांडीच्या आत दोरी ताणल्यासारखं वाटतं, निळसर डाग पडतात. दुकानात काही दिवसांत परत येता येईल, पण पहिल्याच दिवशी बारा तास उभं राहायचं नाही, अधूनमधून चालायचं. साधारण आठवड्याभरात डॉपलर पुन्हा करून घ्या. शीर बंद झाली का, आणि चिकटलेल्या भागातली गाठ सांध्यातून खोल शिरेत डोकावत नाही ना, हे तेव्हा बघतात. हा डॉपलर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून टाळणारे बरेच भेटतात. तो टाळू नका.

मोज्यांचं स्पष्ट सांगतो. मोजे झडप दुरुस्त करत नाहीत. काढले की दुसऱ्या दिवसापासून गळती तशीच. पण ते बाहेरून दाब देऊन शीर अरुंद ठेवतात, त्याने जडपणा आणि सूज खरोखर कमी होते. लेझरला तयार व्हायला वेळ हवा असेल, किंवा सणाचा सीझन उरकून करायचं असेल, तर तोवर मोज्यांवर काढता येईल. गुडघ्यापर्यंतचे, क्लास 2 चे म्हणजे मध्यम दाबाचे घ्या. मांडीपर्यंतच्यांच्या फंदात पडू नका, उकाड्यात ते घसरतात, दुमडतात आणि आठवड्यात कपाटात जातात. माप सकाळी उठल्या उठल्या घ्या, घोट्याच्या सगळ्यात बारीक भागाचं आणि पोटरीच्या सगळ्यात जाड भागाचं. संध्याकाळी सुजलेल्या पायाचं माप घेतलं तर मोजा ढिला मिळतो. घालायचा तोही सकाळी, पाय सुजण्याआधी. वरची कड दुमडायची नाही, दुमडली की तिथे दुप्पट आवळ बसतो. साधारण सहा महिन्यांत त्याची लवचीकता जाते, मग तो साधा मोजाच उरतो. मधुमेह असेल, तंबाखू-सिगरेट असेल किंवा चालताना पोटरीत कळ येऊन थांबावं लागत असेल, तर मोजे घेण्याआधी पायाच्या धमन्यांचा पुरवठा तपासून घ्या. पुरवठा कमी असलेल्या पायावर घट्ट मोजा चढवला तर बोटांना इजा होऊ शकते.

काउंटरमागे करण्यासारखं मोजकं आहे. गिऱ्हाईक यादी वाचत असताना टाचा उचलून चवड्यांवर उभं राहायचं आणि परत खाली, पंधरा-वीस वेळा. अर्ध्या-पाऊण तासाने हे होईल असं बघा. पोटरीचा पंप चालवायचा तेवढाच उपाय उभ्या जागी हाती असतो. उंच स्टूल घेऊन पाय लोंबकळत ठेवून बसणं म्हणजे उपाय नाही, पंप तेव्हाही बंदच असतो. सामान आणायला पोऱ्याला पाठवण्याऐवजी काही फेऱ्या स्वतः मारा. आणि दुपारचे दोन तास मिळतात त्यात जेवून लगेच हिशेबाला बसू नका. अर्धा तास आडवे पडा, पोटरीखाली दोन उशा, पाय छातीपेक्षा उंच. त्या वेळी शिरेतला दाब जवळजवळ उतरतो.

तीन गोष्टी घडल्या तर मात्र वाट बघायची नाही. फुगलेली शीर खरचटून फुटली तर रक्त भळाभळा येतं, बघून माणूस गांगरतो. लगेच आडवे व्हा, पाय वर करा, स्वच्छ कापडाने त्याच जागी दहा-पंधरा मिनिटं दाबून धरा. उभ्याने किंवा बसून दाबलं तर थांबत नाही, आणि वर मांडीला दोरी आवळली तर उलट वाढतं. थांबल्यावरही दवाखान्यात दाखवाच. दुसरं, शीर कडक, लाल आणि दुखरी झाली तर आत गाठ झालेली असते. ती मांडीत वर जांघेकडे सरकत असेल तर त्याच दिवशी डॉपलर हवा. तिसरं, एक पाय अचानक पोटरीपासून सुजला आणि दुखू लागला, किंवा सोबत दम लागला, छातीत दुखलं, तर थेट इस्पितळ गाठा.

जडपणा सगळा शिरेमुळेच आहे का, हेही एकदा तपासा. शिरेचा त्रास सकाळी सगळ्यात कमी असतो, दिवसभर वाढत जातो आणि पाय उंच करून पडलं की तासाभरात उतरतो. सकाळी बिछान्यातून उठतानाच गुडघा आखडलेला असेल, किंवा कळ कमरेतून मांडीच्या मागून पायात उतरत असेल, तर तो भाग लेझरने जाणार नाही. हे आधी सर्जनशी बोलून घ्या, नाहीतर नंतर लेझर फसलं असं वाटत राहील.

डाव्या पायाला आत्ता काही करायची गरज नाही. तपासणी झोपून झाली असेल तर लेझरनंतरच्या डॉपलरच्या वेळी तोही पाय उभं राहून बघून घ्यायला सांगा. उभं राहूनच झाली असेल आणि तिकडे शिरा दिसत नसतील, सूज नसेल, तर दरवर्षी उगाच डॉपलर करत बसू नका.